पहिली ओळ डब्याची नको, भुकेची हवी

तुझ्या डब्याच्या जाहिरातीच्या व्हिडिओची पहिली ओळ आहे, ‘घरगुती, चविष्ट आणि पौष्टिक जेवण आता तुमच्या दारात!’ हे वाक्य कुठल्याही डबेवाल्याला चालेल, म्हणून ते ऐकून कुणी थांबत नाही. आधी गिऱ्हाईक एकच ठरव. समजा, ऑफिसला जाणारी, एकटी राहणारी व्यक्ती. तिला डबा नेमका कधी आठवतो? रात्री दमून घरी आल्यावर. मग ओळ अशी होते: ‘रात्रीचे नऊ. भूक आहे, पण गॅस पेटवायची ताकद नाही?’ शब्द नऊच, साधारण तीन-चार सेकंदांत बोलून होतात. नाव, लोगो, नमस्कार सगळं नंतर. तीच ओळ पडद्यावर मोठ्या अक्षरांतही दे, कारण बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

दुसऱ्या वाक्यात लगेच उघडणारा डबा दिसला पाहिजे. इथेच बहुतेकांचं फसतं: प्रश्न भुकेचा विचारतात आणि पुढे स्वयंपाकघराची स्वच्छता सांगत बसतात. प्रेक्षक टिकण्याचा आलेख बघ. सुरुवातीलाच कोसळला तर ओळ बदल. ओळ संपल्यावर कोसळला तर ओळ ठेव, पुढचं दृश्य बदल. आणि हो, रात्रीचा डबा देत नसशील तर ही ओळ वापरू नकोस, दुपारची शोध.