बेरीज कटऑफइतकीच, तरी निकालात ‘अपात्र’

प्रश्न: पायथनमध्ये निकषांचे गुण मिळवतो. एका उमेदवाराचे ०.७ आणि ०.१, कटऑफ ०.८, तरी तो अपात्र ठरतोय. दुसरा ०.४ आणि ०.४ वर पास होतो. सगळीकडे round() लावू का?

उत्तर: सगळीकडे नको. त्याने एक चूक झाकली जाईल आणि दुसरी उघडी पडेल.

```python
>>> 0.7 + 0.1
0.7999999999999999
```

मशीन आकडे द्विमानात ठेवतं आणि ०.७ तिथे नेमका बसत नाही. तो खऱ्या ०.७ पेक्षा किंचित कमी साठवला जातो, ०.१ किंचित जास्त. बेरजेला जागा मिळते ती ०.८ म्हणून साठवलेल्या संख्येच्या लगेच खालची. ०.४ ची दुप्पट मात्र काटेकोर होते, म्हणून दुसरा उमेदवार सुटतो. दोघांचे गुण सारखेच, फरक फक्त साठवणीचा.

आता round() कडे. समजा तीन परीक्षक आहेत, प्रत्येक निकषाची सरासरी काढायची आहे आणि कटऑफ ७५ आहे. तिघांच्या गुणांच्या बेरजा निकषवार ७३, ७६, ७६ आल्या. एकूण २२५, भागिले ३, बरोबर ७५. पण प्रत्येक सरासरी आधी दोन दशांशांवर आणलीत तर २४.३३, २५.३३, २५.३३ मिळून ७४.९९ होतात आणि माणूस बाहेर. इथे फ्लोटिंग पॉइंटचा काही दोष नाही, कागदावरही हेच झालं असतं.

उलट, शेवटची बेरीज पूर्णांकात आणलीत तर ७४.६ वालाही आत येतो. नियमात तसं लिहिलं नसेल तर ही सरळ सवलत झाली, आणि हरकत येणार ती इथेच. त्यात पायथन `round(74.5)` चं उत्तर ७४ देतं, कारण अर्ध्यावर तो सम संख्येकडे झुकतो.

दशांश आकडा जसाच्या तसा साठवणारा पायथनचा Decimal सुचवणारे भेटतील. तुमच्या ०.७ आणि ०.१ साठी ते चालेल, फक्त `Decimal('0.7')` असं अवतरणात लिहा. नुसतं `Decimal(0.7)` लिहिलंत तर बिघडलेला आकडाच आत जातो. एक तृतीयांशापुढे मात्र Decimal ही हात टेकतो: वरच्या तीन सरासऱ्यांची बेरीज ७४.९९९… अशीच येते.

मी असल्या ठिकाणी भागाकारच करत नाही. कटऑफलाच परीक्षकांच्या संख्येने गुणतो:

```python
>>> sum([73, 76, 76]) >= 75 * 3
True
```

अर्धे-पाव गुण देत असाल तर सगळं चारने गुणून पूर्णांकात ठेवा. तुमचे ०.७ आणि ०.१ दहाने गुणून ७ आणि १ म्हणूनच साठवा, कटऑफ ८. दशांश फक्त निकालपत्र छापताना दाखवा, आणि पात्र-अपात्र कधीही त्या छापलेल्या आकड्यावरून ठरवू नका.