'थंडी वाजून ताप येणे' हा प्रयोग बरोबर आहे का?

"अंग तापलेलं असताना थंडी कशी वाजेल? 'थंडी वाजून ताप आला' हा प्रयोग मला उलटा वाटतो. 'ऊन लागून ताप आला' हे मात्र पटतं. शिवाय ताप रोगाशी लढतो म्हणतात, मग तो उतरवायचा कशाला?"

प्रयोग बरोबर आहे आणि त्यातला क्रमही अचूक आहे: आधी थंडी, मग ताप. हिवताप या नावातही 'हीव', म्हणजे थंडी, पहिलं येतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. शरीराचं तापमान किती असावं हे तिथे ठरतं आणि एरवी तो आकडा ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. हिवतापात परोपजीवी तांबड्या पेशींत वाढतात आणि ठरावीक वेळाने त्या पेशी एकदम फुटतात. बाहेर पडलेला मालमसाला रक्तातल्या बचावपेशींना लागला, की त्या इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही सायटोकाइन्स, म्हणजे निरोप पोचवणारी प्रथिनं, सोडतात. त्यांचा निरोप मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला पोचतो. तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसमधला आकडा वर सरकवतं.

समजा तो ३९.५ झाला. अंग अजून ३७ वरच आहे, म्हणजे मेंदूच्या हिशेबाने अडीच अंश कमी. त्या क्षणी माणूस खरोखरच 'गार' असतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय थंड पडतात, अंगावर काटा येतो, हुडहुडी भरते, दात वाजतात. स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता तयार होते. दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जात नाही, आणि तेव्हाच थर्मामीटरचा पारा चढत असतो. तो ३९.५ ला पोचला की थंडी थांबते आणि अंग फणफणतं. पुढे सायटोकाइन्स ओसरली किंवा पॅरासिटामॉल घेतलं, की आकडा पुन्हा ३७ वर येतो. आता अंग अडीच अंश जास्त ठरतं, म्हणून दरदरून घाम सुटतो. 'घाम येऊन ताप उतरला' असं आपण म्हणतो ते म्हणूनच. पॅरासिटामॉल अंग थेट गार करत नाही, ते प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात हे सगळं बहुधा एकाआड एक दिवस घडतं.

तुम्हाला पटलेला दुसरा प्रयोगच मला खटकतो. उष्माघातात हायपोथॅलॅमसचा आकडा ३७ वरच असतो. आत साठलेली उष्णता बाहेर टाकणं शरीराला जमत नाही, म्हणून अंग ४० अंशांच्या पुढे जातं. यात आधी हुडहुडी नसते. खाली आणायला वर सरकलेला आकडाच नसल्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. तिथे अंगावर पाणी, वारा, बर्फ आणि ताबडतोब दवाखाना, एवढंच कामाचं. विदर्भातल्या मे महिन्यात कुणी बरळायला लागलं, तर 'ताप आलाय' म्हणून गोळी देऊन झोपवणं जिवावर बेतू शकतं. 'ऊन लागलं' एवढंच म्हणावं, त्याला 'ताप' जोडू नये, असा माझा आग्रह आहे.

आता लढाईचं. १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांवर फार सुंदर प्रयोग केला. हे सरडे अंगात उष्णता तयार करून ताप आणू शकत नाहीत, पण जंतुसंसर्ग झाला की स्वतःहून जास्त गरम जागेत जाऊन बसतात. क्लूगर यांनी संसर्ग झालेले सरडे ३४ ते ४२ अंशांच्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. जितकी ऊब जास्त, तितके अधिक सरडे जगले. म्हणजे ताप फुकट येत नाही, त्याचा बचावाला उपयोग होतो. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी अधिक चपळ होतात.

पण याची किंमत मोजावी लागते. तापमान एक अंशाने वाढलं की शरीराचा प्राणवायूचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. कमकुवत हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या माणसाला तो झेपत नाही. आणि सरड्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये अतिदक्षता विभागातल्या, ताप असलेल्या सुमारे ७०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. काहींना शिरेतून पॅरासिटामॉल दिलं, काहींना नुसतं सलाइनसारखं निष्क्रिय द्रव्य. ९० दिवसांनंतरच्या मृत्यूंत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. ताप उतरवल्याने जास्त रुग्ण वाचले नाहीत, पण त्यामुळे जास्त दगावलेही नाहीत.

त्यामुळे अंग ठणकतंय, झोप लागत नाही, पोर पाणी पीत नाही, तर गोळी जरूर द्यावी. नुसता थर्मामीटर ३८.५ दाखवतोय आणि पोर खेळतंय, तर घाई नको. हिवतापाची शंका असेल तेव्हा मात्र ताप उतरला म्हणून थांबू नका, रक्त तपासूनच घ्या: घाम येऊन मोकळं वाटतं तेव्हाही परोपजीवी रक्तातच असतात.