भरती कुठे संपते आणि निवड कुठे सुरू होते?

प्रश्न: मी पुण्यात बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भरती आणि निवड यांतला फरक पाठ आहे, पण केस स्टडी आली की गोंधळ उडतो. कामगाराच्या ओळखीने आलेला उमेदवार अंतर्गत स्रोत की बाह्य? आणि अॅप्टिट्यूड टेस्ट व ट्रेड टेस्ट एकच ना?

उत्तर:

मी भोसरी-चाकण पट्ट्यात एचआरचं काम करते, त्यामुळे तिथलंच उदाहरण घेते. समजा, एका मशीन शॉपमध्ये सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या लेथला टूल लावून ते कामासाठी तयार करून देणारा, सेटर निवृत्त झाला आणि कंपनीने तिथल्याच एका ऑपरेटरला बढती देऊन सेटर केलं. हा झाला अंतर्गत स्रोत. पण आता ऑपरेटरची जागा रिकामी झाली. बढतीने किंवा बदलीने रिकामी जागा फक्त सरकते, माणसांची एकूण संख्या तेवढीच राहते. साखळीच्या शेवटच्या टोकाला कुणीतरी बाहेरूनच घ्यावा लागतो. केस स्टडीत ‘कंपनीने फक्त अंतर्गत स्रोत वापरले’ असं आलं की आधी ही शेवटची जागा कोणती, ते शोधा.

ऑपरेटरसाठी कंपनीने औंधच्या आयटीआयमध्ये कळवलं, जॉब पोर्टलवर जाहिरात टाकली, गेटवर फलक लावला आणि कामगारांनाही सांगितलं, ‘कुणी ओळखीचा असेल तर पाठवा.’ या शेवटच्या मार्गाने आलेला उमेदवार बाह्यच. शिफारस करणारा आतला असला तरी उमेदवाराचं नाव अजून पगारपत्रकावर नाही. काही पुस्तकं याला अंतर्गत म्हणतात, म्हणून परीक्षेत कारण लिहायला विसरू नका. शॉपमध्ये आधीच काम शिकत असलेल्या अॅप्रेंटिसचं काय? तो रोज त्याच गेटने आत येतो, पण 1961 चा अॅप्रेंटिस कायदा त्याला कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी मानतो. म्हणून काटेकोरपणे पाहिलं तर तोही बाहेरचाच.

अर्ज हातात आले की भरती संपली आणि निवड सुरू झाली. ही रेघ कळली की दोष कुठे आहे तेही सांगता येतं. समजा 40 अर्ज आले आणि त्यांतल्या तिघांनीच सीएनसी मशीन चालवलेलं आहे. जाहिरातीत नुसतं ‘ऑपरेटर पाहिजेत’ लिहिलं होतं, मशीनचा उल्लेखच नव्हता. हा दोष भरतीचा. पुढे कितीही कडक चाचणी घ्या, चौथा चांगला उमेदवार त्यातून निघणार नाही. उलट, अर्ज चांगले आले आणि घेतलेल्या माणसाला ऑफसेट, म्हणजे माप जुळवण्यासाठी टूलच्या जागेतली दुरुस्ती, मशीनला देता येत नाही हे आठवड्याने कळलं, तर चूक निवडीत झाली.

आता चाचण्या. ट्रेड टेस्ट आज हातात असलेलं कौशल्य तपासते, अॅप्टिट्यूड टेस्ट पुढे शिकण्याची क्षमता. अनुभवी ऑपरेटरला ड्रॉइंग आणि कापायचा धातूचा तुकडा द्यायचा. व्यास 25 मिमी, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे 0.02 मिमी. तो मोजायला काय उचलतो ते मी आधी पाहते. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी असतो, म्हणजे एका बाजूची सगळी टॉलरन्स त्याच्या एकाच घरात जाते. जाणकार माणूस 0.01 चा मायक्रोमीटर घेतो. मग टूल ऑफसेट, पहिला पीस, मोजमाप, दुरुस्ती. अर्ध्या-पाऊण तासात बरंच कळतं.

हीच परीक्षा आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला देणं चुकीचं, कारण या शॉपचं काम तो अजून शिकलेलाच नाही. त्याला गिअरच्या साखळीतलं शेवटचं चाक कुठल्या दिशेने फिरेल, सपाट आकृती दुमडली तर कोणता आकार होईल, असे प्रश्न द्यायचे. ती अॅप्टिट्यूड टेस्ट. पद एकच, पण उमेदवार बदलला की चाचणी बदलते.

बुद्धिमत्ता आणि अभिरुची चाचण्या पुस्तकातून होतील. व्यक्तिमत्त्व चाचणीबद्दल एक सांगते: ‘मी शांत राहतो’ यावर हो म्हणायचं हे कुणालाही कळतं, म्हणून फक्त तिच्यावर नकार देऊ नये.

चाचणी बरोबर आहे का, हे तपासायची सोपी रीत म्हणजे ती आधी शॉपमधल्या उत्तम ऑपरेटरांना द्यायची. तेच नापास झाले तर बिघाड चाचणीत आहे. लेखी पेपर इंग्रजीत असला की हे हमखास होतं: गिअर समजणारा माणूस प्रश्नाच्या भाषेतच अडकतो आणि आपण त्याला यंत्र कळत नाही असं ठरवतो. पेपर मराठीत आणि हिंदीत काढून तो त्याच ऑपरेटरांना पुन्हा द्या. त्यांचे गुण एकदम वाढले, तर पहिला पेपर यंत्राचं ज्ञान मोजतच नव्हता.