रिपोर्टमधला S बघून लगेच गोळी लिहू नकोस

अरे, लघवीचा कल्चर रिपोर्ट हातात आला की आधी पेशंटकडे बघ, मग कॉलनी काउंटकडे. मिलीला एक लाख जंतूंचा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, जळजळ होतेय, लघवीत पस सेल्स आहेत आणि एकटा ई. कोलाय दहा हजार आला तरी ते इन्फेक्शन असू शकतं. उलट तीन-चार प्रकारचे जंतू मिळून लाख आले तर बहुतेक सॅम्पल नीट घेतलेलं नाही, परत मिडस्ट्रीम, म्हणजे मधल्या धारेचं सॅम्पल मागव.

आता तुझी ती ५८ वर्षांची डायबेटिक बाई. ई. कोलाय लाखाच्या वर, सिप्रो R म्हणजे जंतू दाद देत नाही, नायट्रोफ्युरँटॉइन S म्हणजे लागू पडतं, एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा १६, सेफ्ट्रायॅक्सोन S एमआयसी १. तू म्हणालास नायट्रो देऊ, तोंडाने घेता येते. पण तिला थंडी वाजून ताप आहे, कमरेत एका बाजूला दुखतंय, म्हणजे किडनीपर्यंत गेलंय, आणि नायट्रो लघवीत साठते, किडनीच्या टिश्यूत पुरेशी पोचतच नाही. तिथे सेफ्ट्रायॅक्सोनच. आणि १६ पेक्षा १ लहान म्हणून ते जास्त स्ट्राँग असं नसतं हां, S की R ठरवणारा ब्रेकपॉइंट प्रत्येक औषधाचा वेगळा, एमआयसी एकमेकांशी ताडायचे नाहीत (ही चूक मीपण भरपूर केलीय). ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही तर औषध बदलत बसण्याआधी सोनोग्राफी कर, खडा किंवा पस अडकलेला असू शकतो.