शेअर १३ टक्के आणि मतं ६० टक्के, हे जमतं कसं

प्रश्न: झुकरबर्गकडे फेसबुकचे १३ टक्केच शेअर आहेत म्हणतात, मग बाकीचे ८७ टक्केवाले मिळून त्याला काढत काहून नाही?

उत्तर:

कारण त्या ८७ टक्केवाल्यांकडे मतंच कमी पडतात. शेअरसोबत दोन हक्क येतात, एक नफ्यातला वाटा आणि दुसरा आमसभेतलं मत, आणि हे दोन्ही एकाच मापात द्यायलाच पाहिजे असं काही नाही. मी आमच्या तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासद आहे, तिथं कोणाचे शेअर किती का असेना, मत माणशी एकच, कायद्यातच तसं आहे. दर आमसभेत कोणी ना कोणी उठून म्हणतेच की माझे शेअर त्याच्या पाचपट, मग मत काहून एकच. फेसबुकमध्ये हाच प्रकार उलट्या बाजूनं आहे.

तिथं दोन जातीचे शेअर आहेत. बाजारात आपल्यासारख्याला मिळतो तो क्लास ए, त्याला १ मत. झुकरबर्गकडे आहे तो क्लास बी, त्याला १० मतं. आता कंपनीचे एकूण १०० शेअर धरा, त्यातले त्याचे १३, म्हणजे मतं झाली १३०. बाकीच्यांचे ८७ शेअर, मतं ८७. एकूण २१७ मधली १३० त्याची, म्हणजे जवळपास ६० टक्के, आणि कंपनीच्या खऱ्या कागदावरही आकडा याच्या आसपासच असतो. डिव्हिडंड वाटला तर १०० रुपयातले त्याला १३ च मिळतील, पण डायरेक्टर कोण हे मतांवर ठरते आणि सीईओ कोण हे डायरेक्टर ठरवतात. 'एक शेअर एक मत' करा असा ठराव तिथं आमसभेत किती वेळा आला, क्लास ए वाल्यांनी भरभरून मतं दिली तरी पडला, कारण तो ठराव मोजताना पण त्याची १० पट मतं मोजली जातात.

आता यातली खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे काठ कुठं आहे. १०० पैकी १० शेअर ठेवले तर १०० मतं विरुद्ध ९०, कंपनी हातात. ९ ठेवले तर ९० विरुद्ध ९१, गेली. म्हणजे १० पट मतं असली की साधारण ९.१ टक्क्यापर्यंत खाली उतरता येते, त्याच्या खाली नाही. आणि बी शेअर बाजारात विकला की तो बहुतेक कंपन्यांत ए होऊन जातो, त्याची जास्तीची मतं मरतात. म्हणून फाउंडरनं स्वतःचे विकले तर त्याचा जोर घटतो, पण दुसऱ्या जुन्या बीवाल्यांनी विकले तर याचा जोर आपोआप वाढतो, यानं एक रुपया न घालता.

दुसरी अडचण नवीन शेअरची. वरच्या १० शेअरवाल्याच्या कंपनीनं पैसा उभा करायला २० नवीन ए शेअर काढले की १०० विरुद्ध ११० झाले, विषय संपला. गूगलनं यावर २०१४ मध्ये तोडगा काढला, बिनमताचा क्लास सी शेअर. कर्मचाऱ्यांना वाटा, दुसरी कंपनी विकत घ्यायला वापरा, मतं जागची हलत नाहीत. स्क्रीनवर GOOGL दिसतो तो मतवाला आणि GOOG बिनमताचा. स्नॅपनं तर २०१७ मध्ये बाजारात आणलेले सगळेच शेअर बिनमताचे होते, मला हे अजिबात पटत नाही, पैसा लोकांचा घ्यायचा आणि विचारायचं कोणालाच नाही.

आपल्याकडे सेबीनं २०१९ मध्ये याला परवानगी दिली, पण लगाम लावून. फक्त टेक कंपन्यांच्या फाउंडरला, एका शेअरला जास्तीत जास्त १० मतं, आणि लिस्टिंगनंतर सगळे शेअर धरून त्यांची मतं ७४ टक्क्यावर जाऊ द्यायची नाही. हे ७४ उगाच नाही, स्पेशल रिझोल्यूशनला टाकलेल्या मतांपैकी ७५ टक्के लागतात, म्हणजे मोठा बदल करताना बाहेरच्यांपैकी थोडे तरी सोबत घ्यावेच लागतील, अर्थात बाहेरचे मत टाकायला आले तर. शिवाय लिस्टिंगनंतर ५ वर्षांनी ते शेअर साधे होतात, अजून ५ वर्ष वाढवायचे तर ठराव पाहिजे आणि त्या ठरावात फाउंडरला मत नाही. ऑडिटर नेमणं, स्वतंत्र डायरेक्टर नेमणं काढणं अशा कामात त्यांच्या शेअरला पण एकच मत धरतात.

तुम्हाला एखाद्या भारतीय कंपनीचं पाहायचं असेल तर बीएसईच्या साइटवर तिचा शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा, त्यात शेअरची टक्केवारी वेगळ्या रकान्यात आणि व्होटिंग राइट्सची वेगळ्या रकान्यात असते. प्रमोटरच्या ओळीत हे दोन आकडे सारखे असतील तर तिथं ही भानगड नाही. मतांचा आकडा मोठा दिसला तर शेअर घ्यायच्या आधी कोणत्या क्लासला किती मतं आणि कधीपर्यंत, हे प्रॉस्पेक्टसमध्ये वाचून घ्या.