कुजेल ते डब्यात, उरेल ते पिशवीत

प्रश्न: गोव्यातल्या आमच्या पंचायतीला ओला-सुका कचरा वेगळा करण्यासाठी घोषवाक्य हवंय. घरोघरी पटेल असं एखादं सुचवाल का?

उत्तर: मी हे सुचवेन:

कुजेल ते डब्यात, उरेल ते पिशवीत.

'ओला' आणि 'सुका' हे शब्द मी मुद्दाम टाळलेत, कारण घरात घोटाळा तिथूनच सुरू होतो. कांद्याची साल हाताला सुकी लागते म्हणून ती सुक्यात जाते आणि दुधाची पिशवी आतून ओली म्हणून ओल्यात. 'कुजेल का?' असं विचारलं की दोन्ही वस्तू आपापल्या जागी जातात. हिरवा रंग ओल्याचा, निळा सुक्याचा, ही ओळख पत्रकावर खाली बारीक अक्षरांत द्या.

वाक्यात 'डब्यात' हा शब्द राहू द्या, कारण आपल्याकडची खरी अडचण नुस्त्याची, म्हणजे मासळीची आहे. खवलं, डोकी, कोळंबीची सालं यांचा वास येतो, म्हणून लोक ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून टाकतात. घरच्यांना वाटतं, कचरा वेगळा केला. पण साळगावसारख्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो. तिथे ती पिशवी कुणीतरी फाडावी लागते, नाहीतर प्लास्टिक यंत्रात गुंडाळलं जातं. म्हणून पत्रकावर एवढं चित्र हवंच: खवलं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पुडी झाकणाच्या डब्यात. कागद कुजतो, आणि वासही बराच आवरतो.

'पिशवीत' म्हणजे स्वच्छ आणि कोरडं. दुधाची पिशवी कापून थोड्या पाण्यात हिसळायची, उलटी टांगून सुकवायची, मग टाकायची. न धुतलेल्या पिशवीचं आंबट पाणी शेजारच्या कागद-पुठ्ठ्यावर उतरलं की भंगारवाला तो पुठ्ठा घेत नाही.

या वाक्यात दोन गोष्टी बसत नाहीत. नारळाची करवंटी आणि सोडणं कुजतात, पण फार सावकाश, बायोगॅसच्या टाकीत ती तशीच पडून राहतात. ती कशी द्यायची हे कचरा नेणाऱ्यांनाच विचारून घ्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळेच द्यायचे. दोन्ही गोष्टी घोषवाक्यात कोंबू नका, खाली लिहा.

छापण्याआधी वाड्यावरच्या दहा घरांत वाक्य वाचून दाखवा आणि कांद्याची साल, दुधाची पिशवी, चहाचा चोथा, चिप्सचं रिकामं पाकीट पुढे ठेवून 'कुठे टाकाल?' एवढंच विचारा. समजावू नका. एकाच वस्तूवर दोन-तीन घरं अडखळली तर त्या वस्तूचं चित्र पत्रकावर घ्या. कोंकणी पत्रक काढणार असाल तर शब्दाला शब्द लावू नका. तिथे 'कोयर' हा रोजचा शब्द वापरून नवीनच ओळ बांधा आणि तीही अशीच तपासून घ्या.

हमरस्त्यावरच्या मोठ्या फलकाआधी सिंकखालच्या कपाटाच्या दारावर चिकटेल असा तळहाताएवढा स्टिकर काढा. त्यावर घोषवाक्य आणि तुमच्या वाड्यावर सुका कचरा नेण्याचा वार, एवढंच पुरे.