ससा रवंथ करतो का?

प्रश्न: “एका लेखात ‘ससा गाईसारखाच रवंथ करतो’ असं वाचलं. पण ससा तर स्वतःच्याच लेंड्या खातो ना? मग त्याला रवंथ म्हणणं बरोबर आहे का? आणि तो असं का करतो?”

नाही, रवंथ म्हणता येणार नाही. रवंथ करणारं जनावर गिळलेला चारा घशातून पुन्हा तोंडात आणतं आणि निवांत चावतं. सशाच्या पोटातून वर काहीच येत नाही, आणि जे तो दुसऱ्यांदा खातो ते तो चावतही नाही. जुन्या लिखाणात याला ‘छद्म रवंथ’ असंही म्हटलेलं आढळतं. मला साधं ‘मऊ लेंड्या खाणं’ जास्त आवडतं, कारण त्यात नेमकं काय घडतं ते सरळ कळतं. फक्त ‘मऊ’ हा शब्द गाळू नये.

सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. जमिनीवर विखुरलेल्या दिसतात त्या कोरड्या, गोल आणि चुरल्या तर आत गवताचे तंतू दिसणाऱ्या. त्या खऱ्या अर्थाने टाकाऊ. दुसऱ्या मऊ, गडद, चकचकीत आणि उग्र वासाच्या. लहान लहान गोळ्या एकमेकींना चिकटून तुतीच्या फळासारखा घोस होतो आणि प्रत्येक गोळीवर चिकट पातळ आवरण असतं. या सहसा आपल्या दृष्टीस पडत नाहीत, कारण ससा मागच्या पायांमध्ये तोंड घालून त्या थेट गुदद्वारापाशीच उचलतो आणि न चावता गिळतो. त्यानंतर काही क्षण त्याचं तोंड हलत राहतं. रवंथाचा समज त्यावरून झाला असेल तर नवल नाही.

आता कारण. गवतातले चिवट तंतू पचवायचं काम गाईतही आणि सशातही जंतू करतात. फरक आहे तो जंतूंच्या जागेचा. गाईत ती जागा खऱ्या जठराच्या आणि लहान आतड्याच्या आधी येते. त्यामुळे तिथे वाढलेले जंतू पुढे सरकतात, पचतात आणि त्यांच्यातली प्रथिनं गाईला मिळतात. सशात ही जागा म्हणजे अंधनाल, एक मोठी पिशवी, आणि ती लहान आतड्याच्या नंतर येते. आंबवण्यातून तयार झालेली आम्लं तिथल्या तिथे शोषली जातात आणि सशाला ऊर्जा देतात. पण जंतूंची प्रथिनं आणि त्यांनी बनवलेली ‘ब’ गटातली व ‘के’ जीवनसत्त्वं तिथे नीट वसूल होत नाहीत, कारण प्रथिनं पचवून शोषणारं आतडं मागे राहिलेलं असतं. हा माल पुन्हा तोंडातून आत घेणं, हाच त्यावरचा मार्ग.

यातली छाननी मला सगळ्यात विलक्षण वाटते. अंधनालेला लागून असलेल्या मोठ्या आतड्याच्या भागात भरड तंतू आणि बारीक कण वेगळे होतात. भरड तंतू पुढे जाऊन कोरड्या लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी मात्र आतडं उलट्या लाटांनी मागे, अंधनालेत ढकलतं. काही तासांनी हा क्रम बदलतो. अंधनाल आपला माल सोडते, आतडं त्यावर श्लेष्माचं आवरण चढवतं आणि मऊ लेंड्या बाहेर येतात. त्यांत कोरड्या लेंड्यांच्या साधारण दुप्पट प्रथिनं असतात. सशाचं जठर अतिशय आम्लधर्मी असतं, पण त्या आवरणामुळे लेंड्या तिथे काही तास टिकतात आणि आत आंबवणं चालूच राहतं. आवरण विरलं की जंतू पचतात आणि त्यांचं पोषण लहान आतड्यात शोषलं जातं. चावून आवरण फोडलं असतं तर हा टप्पा साधला नसता.

पाळीव सशाच्या पिंजऱ्यात रोज सकाळी मऊ, चिकट लेंड्या पडलेल्या आढळल्या तर बरेच जण जुलाब समजतात. शेजारी नेहमीच्या कोरड्या लेंड्याही दिसत असतील, तर हे जुलाब नव्हेत. मऊ लेंड्या खायच्या राहून गेल्या आहेत. समजा ससा लठ्ठ आहे आणि दिवसभर पेलेट व गोड फळं खातो. एक तर वजनामुळे त्याचं तोंड मागे पोहोचत नाही. दुसरं, पिठूळ-गोड खाण्यामुळे अंधनालेतलं आंबवणं बिघडतं, लेंड्या नरम होऊन पसरतात आणि मागच्या केसांना चिकटतात. अशा वेळी सुकं गवत हवं तेवढं ठेवून पेलेट हळूहळू कमी करतात आणि फळं बंद करतात. गवत पुरेसं असूनही लेंड्या पडत राहिल्या, तर दात, पाठीचा कणा आणि सांधे तपासून घ्यावे लागतात, कारण दुखत असेल तर ससा वाकत नाही. शस्त्रक्रियेनंतर मानेभोवती घातलेल्या कॉलरमुळेही हेच होतं. तेव्हा पडलेल्या ताज्या मऊ लेंड्या त्याच्यासमोर ठेवल्या तर काही ससे त्या खातात.

कोरड्या लेंड्या पूर्ण थांबल्या आणि पाण्यासारखं पातळ होऊ लागलं, तर ते खरे जुलाब. सशाचा जीव त्यात लवकर जातो, त्यामुळे त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायलाच हवं.